फाईल जुन्यात की नव्यात?

रायपूरच्या शंकर नगरमधल्या एका खासगी रुग्णालयात मी विमा विभाग सांभाळते. आयुष्मान कार्डावर येणारे रुग्ण, विमा कंपन्यांचे कॅशलेस रुग्ण, माजी सैनिकांच्या योजनेतले रुग्ण, अशा सगळ्यांचे कागद दाखल झाल्यापासून पैसे जमा होईपर्यंत आमच्या टेबलावरून जातात. 2025च्या पावसाळ्यात रुग्णालयानं क्लेमची नोंद ठेवणारं आपलं सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं आणि कर्मचाऱ्यांसाठीची सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं.

सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीनं एक मसुदा पाठवला होता. त्यात नव्या प्रणालीत काय काय सोयी आहेत ते सविस्तर होतं. पण रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीच्या खिडकीवर बसलेल्या मुलीला त्याचा उपयोग नव्हता. तिच्यासमोर महासमुंदहून ॲम्ब्युलन्सनं आलेल्या आजी असणार, सोबत गांगरलेला मुलगा असणार. तिला एवढंच कळायला हवं, की ही फाईल जुन्यात भरायची की नव्यात. म्हणून मी सूचना त्या खिडकीपासून लिहायला घेतली, हिंदीत आणि एका पानात.

पहिलं वाक्य काय असावं हे स्टाफनंच ठरवलं. बदलाची कुणकुण लागल्यापासून जो तो विचारत होता, "दीदी, आयुष्मान वाला पोर्टल भी बदलेगा क्या?" तसं काही होणार नव्हतं. आयुष्मानच्या रुग्णाची नोंदणी, उपचाराआधीची मंजुरी म्हणजे प्री-ऑथ आणि क्लेम हे सगळं सरकारी पोर्टलवरच होतं. विमा कंपन्यांचे आणि टीपीएंचेही स्वतःचे पोर्टल आहेत. बदलत होतं ते आमच्या घरातलं सॉफ्टवेअर. कोणत्या रुग्णाचं काय पाठवलं, कधी पाठवलं, कोणती क्वेरी आली, किती पैसे आले, याची वही म्हणजे ते. म्हणून सूचनेची सुरुवात अशी केली: "सरकारी आणि विमा कंपन्यांचे पोर्टल, त्यांचे लॉगिन आणि पासवर्ड आहेत तसेच राहतील. बदल फक्त रुग्णालयाच्या आतल्या नोंदीत आहे." निम्मी भीती या दोन वाक्यांत गेली.

मग तारीख. कंपनीनं ऑगस्टचा शेवटचा आठवडा सुचवला होता. तो छत्तीसगडमध्ये चालण्यासारखाच नव्हता. 26 ऑगस्टला तीजा होती. तीजाला इथल्या सासुरवाशिणी माहेरी जातात. आमच्या आयुष्मान काउंटरवर आणि वॉर्डांत बहुतेक मुलीच आहेत, त्यांच्या रजा महिनाभर आधी लागलेल्या असतात. दुसऱ्याच दिवसापासून गणपती. महिन्याची अखेर आणि पहिली तारीखही नको होती, कारण तेव्हा लेखा विभाग हिशेब बंद करण्यात गुंतलेला असतो. मी पितृपक्ष सुचवला. त्या पंधरवड्यात आमच्याकडे मोतीबिंदू, हर्निया, गुडघा अशा ठरवून करायच्या शस्त्रक्रिया कमी होतात, कुटुंबं त्या पुढे ढकलतात. अपघात आणि तातडीचे रुग्ण येतातच, पण टेबलावर थोडी उसंत असते. 10 सप्टेंबर, बुधवार ठरला. सोमवारची गर्दी ओसरलेली आणि अडचण आलीच तर पुढे कामाचे तीन दिवस हाताशी.

वेळही तितकीच महत्त्वाची होती. कंपनीला मध्यरात्र सोयीची वाटत होती. पण मध्यरात्री आमच्या टेबलावर एकच माणूस असतो. काही अडलं तर तो विचारणार कोणाला? आम्ही सकाळी आठ धरले. तेव्हा पाळी बदलते, रात्रीचा आणि सकाळचा दोन्ही स्टाफ जागेवर असतो आणि कंपनीचा माणूसही समोर उभा राहू शकतो.

तरीही तारीख आणि वेळ लिहिली म्हणजे सूचना पूर्ण झाली असं नव्हतं. रुग्णालयात कुठल्याही सकाळी आठ वाजता डझनावारी माणसं उपचारांच्या मध्यावर असतात. कुणाची मंजुरी आली आहे पण शस्त्रक्रिया व्हायची आहे, कुणाचा डिस्चार्ज झाला आहे पण क्लेम पाठवायचा आहे, कुणाचा क्लेम महिन्यापूर्वी गेला आणि क्वेरी आज येणार आहे. यातली प्रत्येक फाईल रेषेच्या कोणत्या बाजूला, हे सांगणारा नियम हवा होता. मी पहिला नियम लिहिला: "ज्या फाईलचा प्री-ऑथ 10 तारखेच्या सकाळी 8च्या आत गेला, ती शेवटपर्यंत जुन्यात. त्यानंतर गेलेला प्री-ऑथ नव्यात."

4 सप्टेंबरला आम्ही रंगीत तालीम ठेवली. जुन्या फायली घेतल्या, नावं झाकली आणि त्या 9 आणि 10 तारखेला आल्या असं समजून प्रत्येकाला बाजू ठरवायला सांगितलं. 9च्या रात्री अकराला मांडीच्या हाडाचं फ्रॅक्चर, प्री-ऑथ रात्रीच गेला, शस्त्रक्रिया 11ला, डिस्चार्ज 15ला: जुन्यात. 10च्या पहाटे साडेसहाला दुचाकीचा अपघात, कागद जुळून प्री-ऑथ पावणेनऊला: नव्यात. प्री-ऑथ साडेसातला गेला आणि त्यावर क्वेरी नऊला आली: जुन्यात. इथवर सगळे एकमतानं बोलत होते.

मग रात्रपाळीच्या एका मुलानं विचारलं, "पहाटे पाठवलेला प्री-ऑथ साडेनऊला नामंजूर झाला आणि आपण दुसऱ्या पॅकेजखाली पुन्हा पाठवला तर?" असं आमच्याकडे नेहमी होतं. डॉक्टरांचं निदान बदलतं किंवा पॅकेज चुकीचं निवडलेलं असतं. अशा वेळी नवा प्री-ऑथ जातो आणि त्याला नवा क्रमांक मिळतो. माझ्या नियमानं त्या रुग्णाची अर्धी फाईल जुन्यात आणि अर्धी नव्यात गेली असती. नामंजुरीचं कारण एकीकडे, मंजुरी दुसरीकडे. क्लेम तपासणाऱ्यानं आधीचे कागद मागितले की ते शोधत बसावं लागलं असतं. उपचार लांबल्यावर वाढीव रकमेसाठी जे एन्हान्समेंट मागतात, त्याचंही तेच.

त्या संध्याकाळी नियम बदलला. प्री-ऑथच्या क्रमांकाऐवजी दाखल होण्याचा आयपीडी क्रमांक आधार धरला: "एका आयपीडी क्रमांकाचा पहिला प्री-ऑथ ज्या सॉफ्टवेअरमध्ये गेला, त्या क्रमांकाचं पुढचं सगळं त्याच सॉफ्टवेअरमध्ये. नामंजुरी, पुन्हा पाठवणं, एन्हान्समेंट, क्वेरी, डिस्चार्ज, क्लेम आणि पैसे, सगळं." जो रुग्ण बरा होऊन गेला आणि पुन्हा दाखल झाला, त्याला नवा आयपीडी क्रमांक मिळतो, म्हणून तो नव्यात. सुधारित सूचनेवर ठळक "क्र. 2" लिहिलं आणि पहिली सगळ्या फलकांवरून स्वतः जाऊन काढली. दोन सूचना भिंतीवर राहिल्या असत्या तर ज्याला जी दिसेल ती त्यानं पाळली असती.

प्रशिक्षणाचं वेळापत्रक कामानुसार बांधलं. विमा टेबल आणि आयुष्मान काउंटरच्या लोकांना 1 ते 3 सप्टेंबर, रोज दोन तास, छोट्या गटांत आणि हातात माऊस देऊन. परिचारिकांना 8 आणि 9 तारखेला, पाळी बदलताना अर्धा तास, त्यांच्याच वॉर्डात. त्यांचा भाग लहान आहे, आठवडाभर आधी शिकवला तर विसरला जातो. डॉक्टरांना ओपीडी संपल्यावर वीस मिनिटं.

डॉक्टर आणि परिचारिकांना यात कशाला ओढता, असं एकानं विचारलं होतं. त्याचं उत्तर डिस्चार्जच्या घड्याळात आहे. विमा नियामकाच्या 2024च्या परिपत्रकानुसार कॅशलेस मंजुरीचा निर्णय विमा कंपनीनं एका तासात द्यायचा असतो, आणि रुग्णालयानं डिस्चार्जची विनंती पाठवल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी. उशीर झाल्यामुळे रुग्णालयाचा खर्च वाढला तर तो कंपनीनं सोसायचा. पण ते तीन तास आमची विनंती गेल्यावर सुरू होतात. डॉक्टरांनी सकाळी नऊला "आज घरी जा" म्हटलं आणि डिस्चार्ज समरी एकला सही झाली, तर मधले चार तास आमचेच. रुग्ण कपडे बदलून पलंगावर बसलेला असतो, धमतरीची बस चुकलेली असते आणि तो विमा कंपनीला दोष देत असतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही वेळ हातानं लिहायची होती, बहुतेकदा संध्याकाळी, आठवून. नव्यात समरीची सही, औषधं परत केल्याची नोंद आणि विनंती पाठवणं, तिन्हींची वेळ आपोआप उमटते. वीस मिनिटांत मी डॉक्टरांना तेवढंच दाखवलं.

सगळ्यात जास्त राबावं लागलं ते जुन्या येण्यांवर. नव्या सॉफ्टवेअरमध्ये येणं बाकीची सुरुवातीची रक्कम भरायची होती आणि जुन्यातली यादी जशीच्या तशी उचलणं धोक्याचं होतं. एक फाईल सांगते. बिल 80,000 रुपये. कंपनीनं 72,000 मंजूर केले, उरलेले 8,000 पॉलिसीत न बसणारे, ते रुग्णानं डिस्चार्जच्या वेळी भरले. 72,000वर टीपीएनं दहा टक्के टीडीएस कापला, म्हणजे 7,200. बँकेत आले 64,800. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टीडीएसला वेगळा रकाना नव्हता, कुणी शेऱ्यात लिहायचं, कुणी नाही. म्हणून या फाईलवर 7,200 "येणं बाकी" दिसत होतं. खरं तर ते आयकर खात्याकडे आमच्या पॅनवर जमा होते, फॉर्म 26एएसमध्ये दिसत होते. ते तसंच नव्यात गेलं असतं तर आमची मुलं भरलेल्याच पैशांसाठी टीपीएला फोन करत राहिली असती.

ओळखायची खूण सोपी निघाली. बाकी रक्कम मंजूर रकमेच्या बरोबर दहावा हिस्सा असेल तर तो जवळजवळ नक्की टीडीएस. लेखा विभागानं आधी तशा फायली चाळून काढल्या आणि 26एएसशी ताडून बंद केल्या. मग ज्या उरल्या त्या खऱ्या कमी पैसे आलेल्या, ज्यांच्यासाठी पत्र लिहायचं, फेरविचार मागायचा. प्रत्येकीवर बँकेचा यूटीआर क्रमांक आणि कपातीचं कारण लिहून मगच ती मोजणीत घेतली. सूचनेत यासाठी एक ओळ होती: "यूटीआर नसलेली कोणतीही जमा नव्यात चढवू नये."

शेवटची तारीख जुन्या सॉफ्टवेअरची. ते 31 ऑक्टोबरपर्यंत लिहिण्यासाठी उघडं ठेवलं. तोवर न संपलेल्या थोड्या फायली हातानं नव्यात नेल्या, जुना क्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवून. त्यानंतर जुनं फक्त वाचण्यासाठी, पण बंद नाही. तपासणी महिन्यांनी येते आणि मागते ती तेव्हाचीच नोंद.

10 तारखेच्या सकाळी पहिल्या दोन तासांत टेबलावर जे प्रश्न आले ते बहुतेक स्कॅनरचे आणि पासवर्डचे होते. जुन्यात की नव्यात, हे विचारायला कुणी आलं नाही. त्या दिवशी दाखल झालेल्यांची यादी संध्याकाळी मी दोन्ही सॉफ्टवेअरशी लावून पाहिली. प्रत्येक आयपीडी क्रमांक एकाच जागी होता. पुढच्या वेळी कुणी अशी सूचना लिहायला बसेल, तर त्यानं आधी आपल्या पाच अवघड फायली टेबलावर मांडाव्यात आणि त्या पाचही जिथे बसतात तो नियम सापडल्यावरच तारीख जाहीर करावी.