केस वाचवायचे की कापायचे?

त्या रविवारी आम्ही घाटकोपरला बहिणीकडे गेलो होतो. भाचीने ओढणी सोडली आणि तुटलेले केस आमच्या मांडीवर पडले. "खाला, निकाहला तीनच महिने उरलेत," एवढेच ती बोलली. वर्षभरात तीनदा ब्लीच आणि दर वेळी त्यावर नवा रंग. कंबरेपर्यंतचे केस केरसुणीसारखे ताठ झाले होते.

उपाय चालू नव्हते असे नाही. दर आठवड्याला केराटिनचा मास्क आणि वर अंड्याचा लेप. तरीही केस जास्तच तुटत होते.

आम्ही आधी परीक्षा घेतली. धुतलेला एक ओला केस चिमटीत धरून हळूच ताणला. चांगला केस थोडा लांबतो आणि सोडल्यावर पुन्हा आखडतो. च्युइंगमसारखा ताणतच जाऊन तुटला, तर प्रथिने कमी पडली. न लांबता कट्‌कन तुटला, तर ओलावा कमी आणि बहुधा प्रथिनांचा थर जास्त. भाचीचा केस कट्‌कन तुटला. म्हणजे औषधच उलटे चालले होते.

ब्लीचने केसाच्या आतले प्रथिनांचे बंध तुटतात आणि वरचे खवले उघडे पडतात. मास्कमधले प्रथिनांचे बारीक तुकडे या फटी काही काळ बुजवतात. पण सारखे लावले की केस कडक होतो. अंड्यातले प्रथिन तर आकाराने इतके मोठे की ते आत शिरतच नाही.

मग चार आठवडे केराटिन बंद ठेवले. आठवड्यातून दोनदा केस धुवायचे. आदल्या रात्री खोबरेल लावायचे, कारण ते केसात मुरते. मुंबईतल्याच मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, धुण्यापूर्वी खोबरेल लावल्यास केसातली प्रथिने कमी वाहून जातात. शाम्पूनंतर दहा मिनिटे कंडिशनर. ओला केस सर्वांत कमजोर असतो, म्हणून पूर्ण वाळल्याशिवाय ओढणी घट्ट बांधायची नाही. केराटिन त्यानंतर महिन्यातून एकदाच.

महिन्याने पुन्हा परीक्षा घेतली, या वेळी तीन ठिकाणी. मुळाशी केस लांबून परत आला. खांद्यापाशीही आला. खांद्याखाली मात्र अजूनही तुटत होता, टोके दुभंगलेली होती. तिथे निकाल लागला. केस मेलेला असतो, जखमेसारखा भरून येत नाही. फाटलेले टोक ठेवले, तर चीर वर चढते.

बहिणीला रडू आवरेना. "निकाहला वेणी कशाची घालू?" भाची म्हणाली, "अम्मी, जेवढे टिकतील तेवढ्यांची."

केस खांद्यापर्यंत कापले. ते महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे कंबरेपर्यंत यायला काही वर्षे लागतील. निकाहच्या दिवशी दुपट्ट्याखाली आखूड वेणी होती. संध्याकाळी ती सोडली, तेव्हा कंगव्यात जेमतेम चार-पाच केस आले. बहिणीने ते मोजले.