प्रश्नावाचून आलेला आलेख

लातूरच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला नांदेडला एक चित्र धाडले. सोबत अक्षरही नाही. मांजरा धरणाच्या साठ्याचा तो स्तंभालेख. दर वर्षाला एक स्तंभ, आणि २०१६ ची जागा रिकामी. आता काय सांगावे? स्तंभ उतरत गेले हे त्यालाही दिसतच होते. आकडे पारखावेत, तर मोजणीचा महिना कोठेच छापलेला नव्हता. आणि सारे मर्म तर त्यातच! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मात्र धरण भरले. मोजणी उन्हाळ्यातली असेल तर जागा रिकामी, पावसाळ्यानंतरची असेल तर स्तंभ उंच. शिवाय रिकामी जागा म्हणजे शून्य, की नोंदच नाही? शून्य असले तरी बहुधा ते उपयुक्त साठ्याचे; त्याखालचा मृतसाठा निराळा. म्हणून आलेख वाचावा कसा एवढेच मी लिहिले व महिना विचारला.

उत्तर आले, "सर, मे महिना. शेतात बोअर घ्यावी की नाही, हे ठरवायचे आहे."

एवढे आधी लिहिले असते तर! भूजलाविषयी हा आलेख मुकाच आहे. शेजारच्या विहिरींची उन्हाळ्यातली पातळी विचार, असे मी त्याला कळवले.