सिंकखालचं भोक

मॉड्युलर किचन बसलं तेव्हा अम्मींना वाटलं, आता झुरळं-उंदरांची कटकट मिटली. महिन्याभरात सिंकखालच्या कपाटात लेंड्या दिसल्या. सुताराने दोन इंची पाइपासाठी मागच्या प्लायला चार इंची भोक पाडलं होतं. आमच्यासारख्या जुन्या औरंगाबादी घरात मागची भिंत थेट गटाराच्या गल्लीला लागलेली, म्हणजे उंदरांना दरवाजाच मिळाला.

मिस्त्री म्हणाला, "सर, फोम मारतो." पण नुसता फोम उंदीर कुरतडतो. आधी पिंजरा लावून आतला उंदीर पकडला, नाहीतर तो आतच कोंडला असता. मग भिंतीतल्या फटीत स्टेनलेस स्टीलची घासणी ठासून भरली आणि वरून सिमेंट लावलं. साधी लोखंडी घासणी ओलाव्याने गंजते. पाइप आणि प्लायमधल्या फटीत मात्र सिलिकॉन भरलं. पाइप हलतो, तिथे सिमेंटला तडा जातो. मोठं झुरळसुद्धा चपटं होऊन तीन मिलिमीटरच्या फटीतून शिरतं, म्हणून कडेची बारीक रेघही सोडली नाही.

नंतर चार रात्री तिथे पीठ भुरभुरून ठेवलं. पावलं उमटली नाहीत.

चिमणीच्या पाइपाभोवतीची फटही अशीच बुजवली. तिच्या तोंडाला मात्र बारीक जाळी लावू नका, तेलाने ती तुंबते. बाहेरून झडपेची टोपी बसवा.