पात चांदीसारखी चमकते तो थ्रिप्स, जांभळा डाग पडतो तो करपा

या आठवड्यात उन्हाळी कांद्याचे फोटो भरपूर आले आणि बहुतेकांखाली एकच प्रश्न, "भाऊ, हा करपाच ना?" चार दिवस सकाळी धुई पडली, दुपारी आभाळ भरून येतं, म्हणजे करपा येणारच, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. पण निम्म्या फोटोंत करपा नाहीच, थ्रिप्सचं काम आहे. आमच्या चुलतभावानं दोन फोटो पाठवले तेव्हा दोन्ही एकाच शेतातले होते, एकात थ्रिप्स आणि दुसऱ्यात करपा. त्याचं शेत दोंडाईच्यापासून जवळच, दीड एकर कांदा, लागण होऊन ५५ दिवस झालेले. करप्याचं औषध आणून ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पंप जोडणार होता. म्हटलं थांब, मी येतो.

पहिल्या फोटोत पातीवर लांब पांढऱ्या रेघा होत्या. पात उन्हात धरली की त्या चांदीसारख्या चमकतात. हा रंग वरून बसलेला नाही, बोटानं पुसून जात नाही. थ्रिप्स पातीची वरची साल खरवडतो आणि पेशीतला रस ओढून घेतो. रिकाम्या पेशीत हवा भरते, म्हणून ती जागा चमकते. रेघेजवळ काळे बारीक ठिपके दिसले तर ती त्याची विष्ठा. हल्ला जास्त असला तर पातीला पीळ पडतो आणि शेंडे वाळतात.

दुसऱ्या फोटोत बाहेरच्या जुन्या पातीवर लांबट, थोडा खोलगट डाग होता. मध्ये जांभळट, कडेनं पिवळी पट्टी. जांभळा करपा आधी पांढुरक्या छोट्या ठिपक्यानंच सुरू होतो, म्हणून पहिल्या दोन दिवसांत त्याची थ्रिप्सशी गल्लत होते. पण थ्रिप्सची रेघ पातीच्या शिरेला धरून लांब जाते, करप्याच्या ठिपक्याला घेर असतो. पुढं तो वाढतो, मधून जांभळा होतो, ओल टिकली तर त्यात गोल गोल कडी दिसतात आणि वर काळपट भुकटी धरते. नंतर पात नेमकी त्याच जागी मोडून लटकते.

तिसरी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. ऑक्सिफ्लुरफेन तणनाशक मारल्यावर चार-पाच दिवसांत पातीवर पांढरे कोरडे डाग दिसले तर ते ना थ्रिप्स ना करपा. औषधाचा थेंब जिथं बसला तिथं पात भाजलेली असते. नवीन पात स्वच्छ निघते, तिथं काही फवारायची गरज नाही.

आता शेतात काय केलं ते. थ्रिप्स पातीच्या उघड्या भागावर फार कमी सापडतो, तो पोंग्यात, पाती जिथं एकमेकींना चिकटून निघतात तिथं खाली बसतो. म्हणून रोप उपटायचं, आतल्या दोन पाती अलग करायच्या आणि मोजायचं. पिल्लं फिकट पिवळी, बिनपंखी, मिलीमीटरभर. डोळ्याला त्रास होत असेल तर रोप पांढऱ्या कागदावर झटका, चालायला लागतात.

पलीकडच्या शेतात कपाशी उपटून झाली होती, पऱ्हाट्या बांधावर पडलेल्या. त्या बाजूच्या १० रोपांवर मिळून ४६० निघाले, म्हणजे रोपाला ४६. शेताच्या मधल्या १० रोपांवर १४०, रोपाला १४. राजगुरुनगरच्या कांदा लसूण संशोधन केंद्राचा मापदंड रोपाला ३० थ्रिप्सचा आहे, त्याच्या वर गेलं तरच फवारा. वीस रोपांची सरासरी काढली तर बरोबर ३० येते आणि माणूस सगळं शेत फवारून मोकळा होतो. खरं तर अर्ध्याहून जास्त शेताला गरज नव्हती. कांद्यावरचा थ्रिप्स कपाशीवरही जगतो, कपाशी गेली की शेजारच्या हिरव्या पिकावर येतो, म्हणून कडेला गर्दी. (आपल्याकडं मिरचीचं पान आकसवणारा थ्रिप्स मात्र वेगळ्या जातीचा. मिरची शेजारी आहे म्हणून कांद्यावर आला, असं लगेच म्हणू नका.)

करप्याचे डाग वीसपैकी तीनच रोपांवर होते, तिन्ही खालच्या बाजूला, जिथं पाणी साचतं तिथली. त्यातल्या दोन पातींवर डागाच्या बाजूलाच चांदीची रेघ होती. यात नवल नाही. थ्रिप्सनं खरवडलेल्या जागेतून करप्याची बुरशी सहज आत शिरते, वरून पात रात्रभर दवानं ओली राहिली की तिचं जमलंच. म्हणून थ्रिप्स तसाच ठेवून नुसतं बुरशीनाशक मारत बसलं तर करपा पुन्हा पुन्हा येतो.

ठरवलं ते असं. कपाशीकडच्या कडेला फक्त चार पंपात फिप्रोनिल ५ टक्के, लिटरला १ मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५ मिली. मँकोझेब मात्र सगळ्या शेतावर, लिटरला २.५ ग्रॅम, पंपाला साडेसदतीस ग्रॅम, कारण आभाळ अजून हटलं नव्हतं आणि हे औषध रोग येण्याआधी पातीवर असेल तरच कामाचं. दोन्हींत स्टिकर घातलंच. कांद्याच्या पातीला मेण असतं, स्टिकरशिवाय थेंब घरंगळून खाली जातो. नोझल पोंग्याकडं धरून मारायला लावलं.

सहाव्या दिवशी त्याचा फोन, "आबा, काहीच गुण नाही, पात तशीच पांढरी." फोटो पाहिला तर खरंच तशीच. पण पांढरी झालेली पात परत हिरवी होत नाही, औषध कितीही चांगलं असो. शिवाय पात खालून वाढते. आज वर दिसणारी रेघ ती पात पोंग्यात होती तेव्हा पडलेली आहे. गुण आला की नाही ते नवीन पातीच्या बुडाशी पाहायचं. त्याला म्हटलं पोंगा उघडून फोटो पाठव. आतल्या दोन पाती स्वच्छ होत्या आणि त्याच कडेच्या १० रोपांवर आता ११० मोजले, म्हणजे रोपाला ११.

उरलेले ११ कुठून आले? अंडी पातीच्या आत असतात आणि कोष जमिनीत. दोन्हींना फवारणी लागत नाही, त्यामुळं आठ-दहा दिवसांनी नवीन पिल्लं दिसतातच. तेव्हा पुन्हा मोजायचं, ३० च्या वर गेलं तर दुसऱ्या गटातलं औषध घ्यायचं, तेच तेच नाही. त्यानं तुषार संच जोडलाय. तुषारच्या पाण्यानं थ्रिप्स धुतला जातो हे खरं, पण संध्याकाळी लावला तर पात रात्रभर ओली आणि करप्याला आमंत्रण. म्हणून सकाळी चालवून दुपारपर्यंत पात वाळू द्यायला सांगितलंय. पुढच्या हंगामात कपाशीच्या बाजूला कांदा लागणीच्या महिनाभर आधी मक्याची ओळ आणि आत गव्हाची ओळ टाकायची, असं त्यानं मनावर घेतलंय. थ्रिप्स उडण्यात कच्चा, वाऱ्यावर येतो, तो मक्याला अडतो.

फोटो पाठवणाऱ्यांनी एवढं करा. एक फोटो जुन्या बाहेरच्या पातीचा, एक पोंगा उघडून आतला, आणि रोप शेताच्या कडेचं की मधलं ते लिहा. लांबून काढलेल्या हिरव्या शेताच्या फोटोवरून मला काही सांगता येत नाही. ज्यांच्या माना पडायला लागल्यात त्यांनी फोटो पाठवला तरी फवारणी सांगणार नाही, आता तो माल चाळीत जाणार.