भरलेली बाटली

मी शाळेत नर्स आहे. आज पालकांना पाठवलेली चिठ्ठी इथेही टाकते.

सहावीतली एक मुलगी पोट दुखतंय म्हणून आली. लघवीला जळजळ, अंगात ताप. दुपारचे दोन वाजले तरी पाण्याची बाटली भरलेलीच. म्हणाली, "सिस्टर, सुट्टीत रांग संपत नाही, तासाला बाई सोडत नाहीत. मग पाणीच पीत नाही." डॉक्टरांनी लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं.

मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, जंतू लवकर वर चढतात. लघवी तुंबवली की ते धुऊन जात नाहीत, वाढतात. घाईत अर्धवट उठलं तरी तेच.

आता आम्ही तासांच्या मधे पाण्याची सुट्टी ठेवलीय, तासालाही जायची मुभा आहे. तुम्ही संध्याकाळी बाटली बघा. भरलेली आली तर रागावू नका, कारण विचारा.