फोटोत पट्टी कोण ठेवणार?

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. तिचे वरून काढलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. वर्गात असा फोटो दाखवताना मी गाडीवर कागद ठेवते आणि विचारते, पाणी किती लांबवर पसरलंय? कुणी म्हणतं डबक्याएवढं, कुणी समुद्राएवढं. चूक कुणाचीच नसते, कारण नुसत्या मातकट पाण्यात मापच नसतं. कागद उचलला की सगळे डबे मोजायला लागतात. एक डबा वीस मीटरहून थोडा लांब, एवढं सांगितलं की झालं.

आता संगणकाची मॉडेल्स फोटो बघून "भिंत दहा फूट, झाड पंधरा मीटरवर" असं सांगतात. हा आकडा येतो कुठून? त्यासाठी आधी कॅमेऱ्यात काय होतं ते बघू. साधा त्रैराशिकाचा हिशोब आहे.

```
फोटोतली उंची = f × खरी उंची ÷ अंतर
```

f हा कॅमेऱ्याचा आकडा. तो भिंगावर अवलंबून असतो. समजा, एका मोबाइलचा f ३००० पिक्सेल आहे आणि फोटोत एक खांब ३०० पिक्सेल उंच दिसतोय. मग खरी उंची अंतराच्या एक दशांश आहे, एवढंच कळलं. खांब १० मीटरवर असेल तर १ मीटरचा, २० मीटरवर असेल तर २ मीटरचा. आणि पुठ्ठ्याचा १० सेंटीमीटरचा असेल तर तो फक्त १ मीटरवर आहे! तिन्हींचा फोटो सारखाच येतो. अंबरनाथचं शिवमंदिर आणि मुलांनी केलेली त्याची हुबेहूब प्रतिकृती, दोन्हींचं असंच. मंदिर, अंतर, कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची, सगळं एकाच पटीत लहान केलं तर चित्रात काहीच बदलत नाही. जी माहिती फोटोत उतरलीच नाही ती मॉडेल कितीही हुशार असलं तरी कुठून काढणार? पुढे काय, मागे काय आणि किती पट, हे ते बऱ्यापैकी ओळखतं. मीटरचा आकडा मात्र सवयीचा असतो: दार साधारण एवढं, माणूस साधारण एवढा. बहुतेक वेळा जमतंही. पण तो अंदाज आहे, मोजमाप नव्हे.

मोजमाप हवं तर फोटोत माप माहीत असलेली एक वस्तू लागते. आपल्याकडे ती जागोजागी आहे. उल्हासनगर असो की बदलापूर, लोकलच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. फलाटाच्या टोकाशी, पिवळ्या रेषेच्या आतच उभं राहून, मोबाइल सरळ धरून रुळांच्या दिशेने फोटो काढला. एका ठिकाणी रुळांमधलं अंतर ४१९ पिक्सेल भरलं. १६७६ भागिले ४१९ म्हणजे ४. तिथे एक पिक्सेल ४ मिलिमीटरचा. आपला ३०० पिक्सेलचा खांब बरोबर त्याच जागी रुळाशेजारी असेल, तर तो १२०० मिलिमीटर, म्हणजे १.२ मीटर. अंतरही निघतं: ३००० × १६७६ ÷ ४१९, म्हणजे १२ मीटर.

"त्याच जागी" हे शब्द मुलं हमखास विसरतात. कॅमेऱ्याजवळ, ६ मीटरवर, तेच रूळ ८३८ पिक्सेल रुंद दिसतात आणि पिक्सेल २ मिलिमीटरचा होतो. तो भाव लांबच्या खांबाला लावला की खांब ६० सेंटीमीटरचा होऊन बसतो. पट्टी आणि वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हव्यात.

दुसरी फसगत आपल्याच लाइनवर आहे. बदलापूरच्या पुढे नेरळला उतरलात की माथेरानच्या छोट्या गाडीचे रूळ, रुंदी ६१० मिलिमीटर. फोटोत नुसते रूळ असले आणि मॉडेलने ते सवयीने मोठे धरले, तर सगळी मापं पावणेतीन पट फुगतात. खरा ४४ सेंटीमीटरचा दगड १.२ मीटरचा, साडेचार मीटरच्या आतलं अंतर १२ मीटरचं. आकडे एकमेकांशी नीट जुळतात, म्हणून शंकाही येत नाही. ओळखायचं असेल तर माप माहीत असलेली दुसरी वस्तू शोधावी. शेजारी उभा असलेला मोठा माणूस पावणेपाच मीटरचा निघाला, तर रूळ चुकीचे धरलेत हे उघड आहे.

आणखी एक. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बहुधा आकसलेला असतो. समजा तो निम्मा झाला. रूळ २०९.५ पिक्सेल, खांब १५० पिक्सेल, उंची पुन्हा १.२ मीटरच येते, कारण दोन्ही सारखेच आकसले. पण अंतर काढताना f जुनाच ३००० घेतला तर उत्तर २४ मीटर येतं. तिथे १५०० घ्यायला हवा.