प्रश्न विचारला आणि उत्तरात ‘सॉरी’ आलं

मराठीत बरेच प्रश्न उत्तरासाठी विचारलेलेच नसतात. ‘डोळे फुटले का?’ असं कोणी म्हटलं तर आपण डोळ्यांची तब्येत सांगत बसत नाही. ‘तुला कोणी सांगितलं होतं मध्ये बोलायला?’ या प्रश्नाला एखाद्यानं खरंच सांगणाऱ्याचं नाव दिलं, तर त्याला आणखी एक शिवी पडते. हे प्रश्न दिसायला प्रश्न असतात, पण आतून फटकारे. गंमत अशी की, अगदी त्याच शब्दांत साधा, सरळ, माहितीसाठीचा प्रश्नही विचारता येतो. फरक फक्त चालीचा. आणि चाल टाइप होत नाही.

मी पुण्यात एका सीए फर्ममध्ये काम करतो. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही नऊ जण आहोत, त्यात आमचे सरही. महिन्याची दहा तारीख म्हणजे आमच्याकडे धावपळ, कारण विक्रीचा जीएसटी रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१, अकरा तारखेपर्यंत भरायचा असतो. माझ्याकडे दोन भावांची एक फर्म आहे. थोरला भाऊ हिशेब बघतो, धाकटा दुकान. दोघांचे आकडे कधीच जुळत नाहीत. त्या दहा तारखेला संध्याकाळी पावणेआठला माझ्या सहकारी मुलीनं ग्रुपवर त्यांच्या बिलांची नवी यादी टाकली. दुपारच्या यादीपेक्षा तीत दोन बिलं कमी होती. मी विचारलं :

‘ही यादी पाठवायला कोणी सांगितलं?’

मला हवं होतं एक नाव. थोरल्यांनी सांगितलं असेल तर नवी यादी बरोबर, धाकट्यांनी सांगितलं असेल तर आधी थोरल्यांना फोन. एवढंच. मग मी फोन चार्जिंगला लावला आणि जेवायला बसलो.

सकाळी बघतो तर तिचं उत्तर होतं : ‘सॉरी सर. परत असं होणार नाही.’ वर तिनं नवी यादी सगळ्यांसाठी डिलीट केली होती आणि दुपारची जुनी यादी पुन्हा टाकली होती.

इथे मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे ‘सर’. आमच्याकडे सर एकच, केबिनमधले. ती मला रुजू झाल्यापासून ‘दादा’ म्हणते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मी प्रश्न विचारला होता आणि मला उत्तर मिळालंच नव्हतं, माफी मिळाली होती. आपला मेसेज वाकडा वाचला गेला आहे, याची याहून पक्की खूण मला माहीत नाही. रागावलेला माणूस कधी भांडतो, कधी गप्प बसतो, ते ओळखू येतं. पण ज्याला वाटतं की आपल्याला झापलंय, तो बहुतेक वेळा माहिती द्यायची सोडून शरण येतो. आणि शरण येताना नको ते करतो. तिनं बरोबर यादी काढून चुकीची परत ठेवली होती. सरांनी तीच भरायला घेतली असती तर? एकदा भरलेला रिटर्न पुसून पुन्हा भरता येत नाही, दुरुस्तीचा वेगळा सोपस्कार मागे लागतो.

मी आधी टाइप करायला घेतलं. ‘अगं तसं नाही’ लिहिलं. हेही वैतागून म्हणता येतं. ‘मी फक्त विचारत होतो’ लिहिलं. यात ‘तूच उगाच वाढवलंस’ ऐकू येतं. पुढे हसरा चेहरा लावला, तर ओळ आणखीनच खवचट दिसायला लागली. लिहून झालेला घोटाळा लिहून सोडवायला गेलं की, प्रत्येक नवी ओळही जुन्याच चालीत वाचली जाते.

याबद्दल एक जुना प्रयोग आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2005 साली प्रसिद्ध केला. काही वाक्यं उपरोधानं, काही गंभीरपणे समोरच्यापर्यंत पोचवायची. कधी ईमेलनं, कधी आवाजातून. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की दोन्हीकडे साधारण 78 टक्के वेळा आपला सूर कळेल. आवाजात तो 73 टक्के वेळा कळला. ईमेलमध्ये 56 टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंच बरं. कारण साधं आहे : लिहिणाऱ्याच्या डोक्यात चाल वाजत असते, म्हणून त्याला ती अक्षरांतही आहे असं वाटतं.

ती त्या दिवशी घरून काम करत होती. मी फोन लावला. ‘तुझा गैरसमज झालाय’ हे वाक्य मी मुद्दाम टाळलं. मराठीत गैरसमज नेहमी दुसऱ्याचाच होतो, आणि ‘करून घेतलास’ म्हटलं की तो त्याचा गुन्हाही ठरतो. मी म्हटलं, ‘अगं, माझा कालचा मेसेज मला एकदा मोठ्यानं वाचून दाखवतेस का? तुला जसा ऐकू आला तसा.’

ती आधी गप्प. मग तिनं वाचला. ‘पाठवायला’वर दणका, ‘कोणी’ लांबवलेला, आणि शेवट धपकन खाली. ऐकून मलाच कसंतरी झालं. हुबेहूब आमच्या शाळेतल्या पर्यवेक्षकांचा सूर.

‘आता माझा ऐक,’ मी म्हटलं. ‘कोणी सांगितलं, थोरल्यांनी की धाकट्यांनी?’

‘थोरल्यांनी,’ ती लगेच म्हणाली. ‘दोन बिलं रद्द झालीत म्हणाले.’ पंधरा तास अडकलेलं उत्तर दोन सेकंदांत आलं. मग म्हणाली, ‘मला वाटलं, सरांच्या देखत बोललात. रात्री घरी सांगितलं मी, तिथे माझं काही खरं नाही म्हणून.’

हे ‘सरांच्या देखत’ महत्त्वाचं होतं. आमच्या दोघांत मिटलं, पण बाकी सात जणांनी तो मेसेज कुठल्या चालीत वाचला होता कोण जाणे. जिथे लागलं तिथेच फुंकर घालावी लागते. मी तिला विचारून ग्रुपवर दोन ओळी टाकल्या : ‘कालची नवी यादी थोरल्या भावांनी दिली आहे, तीच भरायची. दोघांपैकी कोणी दिली एवढंच मला हवं होतं. तिनं वेळेत टाकली म्हणून रद्द बिलं कळली.’ खुलासा कामाच्याच वाक्यात बसवला. ‘मी तिला बोललो नव्हतो’ असं वेगळं लिहिलं असतं, तर ज्यांच्या लक्षातही आलं नव्हतं त्यांच्याही आलं असतं.

नवी यादी दुपारी भरली गेली. ती मात्र पुढचे आठ-दहा दिवस मला ‘सर’च म्हणत होती. बोलण्यातून अर्थ लगेच सुधारतो, पण घाबरून गेलेल्या रात्रीचा ठसा आपल्या वेगानं जातो. मी त्यावर काही बोललो नाही. ‘दादा म्हण ना’ हासुद्धा हुकूमच झाला असता.

हल्ली ‘कोणी’, ‘का’, ‘कशाला’ असे शब्द टाइप करताना मी प्रश्नाला दोन पर्याय जोडतो. ‘हे का बदललं?’ यापेक्षा ‘हे पार्टीनं बदलायला सांगितलं की आपल्याकडून?’ पर्याय दिला की वाक्य झापायच्या चालीत म्हणताच येत नाही, म्हणून बघा. फटकाऱ्याला उत्तराची गरज नसते, त्यामुळे तो कधी पर्याय देत नाही.